दिसते ते ओळीत, कळते ते टिपेत

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पत्रांच्या नकला करायला जो नवा स्वयंसेवक येतो, त्याच्या हातात आम्ही आधी एक पाठपोट कागद ठेवतो. पत्रे घरोघरच्या ट्रंकांतून, माळ्यावरच्या डब्यांतून आणि तारेला टोचून ठेवलेल्या गठ्ठ्यांतून निघालेली आहेत. बहुतेक पोस्टकार्डेच. मुंबईला गिरणीत किंवा एखाद्या पेढीवर नोकरीला असलेला मुलगा आणि कोकणातले त्याचे घर, यांच्यामधली. काळ साधारण १९१० ते १९६०. अस्सल पत्रे ज्याच्या त्याच्या घरी परत जातात, आमच्याकडे राहतात ते त्यांचे फोटो. फोटो पाहून मजकूर टंकायचा, एवढेच काम. पण हे काम बरेच जण आपापल्या घरी बसून करतात. कुणी निवृत्त शिक्षिका आहे, कुणी बँकेतला कारकून, कुणी कॉलेजातला मुलगा. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे टंकले, तर एकाच कार्डाच्या तीन नकला तीन तऱ्हेच्या होतात आणि त्यांतली अस्सलाशी जुळणारी कोणती, हे कार्ड पुन्हा समोर आल्याशिवाय ठरत नाही. कार्ड तर परत गेलेले असते. म्हणून तो कागद.

त्याचे पहिले वाक्य असे आहे: डोळ्यांना दिसते ते ओळीत लिहा, डोक्याला कळते ते टिपेत लिहा. बाकी सगळे नियम या एका वाक्यातून निघाले आहेत. प्रत्येक नकलेला दोन भाग असतात. वर नक्कल, खाली टीप. नकलेत नक्कल करणाऱ्याचे एकही अक्षर नको, आणि टिपेत त्याला वाटेल ते सगळे यावे. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण वाचणे म्हणजे निम्मे ओळखणे असते. शहाणा, सराव झालेला वाचक अक्षरे पाहत नाही, शब्द पाहतो, आणि नकळत हातून लिहिलेल्याऐवजी अपेक्षित शब्द टंकला जातो.

खऱ्या घरातले पत्र मासिकात छापणे योग्य नाही. म्हणून त्या धाटणीचे एक कार्ड मी इथे रचून देतो. त्यातली प्रत्येक अडचण मात्र खऱ्या कार्डांवर रोज भेटणारी आहे. गावाकडच्या वडिलांनी मुंबईतल्या मुलाला लिहिलेले हे कार्ड, नक्कल पुरी झाल्यावर असे दिसते:

श्री
माघ व॥ ३ शके १८६४
चि. बाळ यास अनेक आशिर्वाद उपरी विशेष.
तुझी म. ऑ. रु. ७॥ ची पावली. त्यांतले ४।
वाण्यास दिले. बाकी ३। घरीं आहेत. [भोक, सुमारे ३ अक्षरे]
आतां [वरी?] आहे, काळजी नसावी. शिमग्यानंतर
मुंबईस येतों. कळावें, हे आशिर्वाद.
[वरच्या समासात, उलटे:] ता. क. घासलेट मिळत नाहीं.

पहिली गोष्ट, ओळी. कार्डावर ओळ जिथे संपते तिथेच नकलेतली ओळ संपवायची, मग वाक्य मध्येच तुटले तरी चालेल. दिसायला हे ओबडधोबड दिसते. पण पुढे कुणाला शंका आली की नकलेतल्या पाचव्या ओळीवरून फोटोतल्या पाचव्या ओळीवर बोट ठेवता येते. दुसरा फायदा नक्कल करतानाच होतो. टंकताना नजर कार्डावरून पडद्यावर आणि पुन्हा कार्डावर येते, आणि एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत असला की मधली अख्खी ओळ सुटते. ओळीला ओळ ठेवली की सुटलेली ओळ मोजणीतच सापडते. समासातला मजकूर कुठला, कोणत्या दिशेने लिहिलेला, हे चौकटी कंसात सांगून तो शेवटी घ्यायचा. कार्ड लहान असायचे आणि सांगायचे बरेच असायचे, त्यामुळे खरी बातमी पुष्कळदा त्या उलट्या ओळीतच दडलेली असते.

आता ‘आशिर्वाद’. शुद्ध शब्द ‘आशीर्वाद’ आहे हे नक्कल करणाराला ठाऊक असते आणि बोटे आपोआप दीर्घ वेलांटीकडे जातात. तसे करायचे नाही. हा माणूस असे लिहितो, आणि दोन्ही ठिकाणी असेच लिहितो, ही त्याच्या लेखणीची खूण आहे. पुढे एखादे बिनसहीचे कार्ड निघाले, तर ते कुणाच्या हातचे हे अशाच खुणांवरून सांगता येते. पण ऱ्हस्व-दीर्घापेक्षा मोठा घोटाळा अनुस्वारांचा होतो, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे.

आज साठीच्या आतल्या कुणालाही ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘आतां’, ‘कळावें’ यांच्यावरची टिंबे निरुपयोगी वाटतात. ती उच्चारात नाहीत, आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी ती लेखनातूनही गेली. त्या आधी शाळेत शिकलेला माणूस मात्र ती देत असे आणि ती व्याकरणाने ठरलेली असत. ‘केले’ म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, ‘केलें’ म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. ‘केली’ स्त्रीलिंगी एकवचन, ‘केलीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. समजा, कार्डाचा कोपरा फाटला आहे आणि फक्त ‘पाठविलें’ एवढेच उरले आहे. त्या टिंबावरून कळते की पाठवलेली वस्तू नपुंसकलिंगी आणि एक होती. पत्र असेल, पार्सल असेल. ‘पैसे’ मात्र नाहीत, पैसे असते तर ‘पाठविले’ आले असते. नक्कल करताना टिंब गळले तर फाटलेल्या कोपऱ्याबद्दलचा एकमेव पुरावा गळला.

आमच्या कार्डातला ‘मुंबईस येतों’ हा शब्द याहून बोलका आहे. जुन्या लेखनात ‘मी येतों’ आणि ‘तो येतो’ असा भेद होता. पहिल्या पुरुषाला अनुस्वार, तिसऱ्याला नाही. कार्डावर जागा वाचवायला कर्ता पुष्कळदा गाळलेला असे, ‘मी’ की ‘तो’ हे लिहिलेलेच नसे. ‘येतों’ असेल तर वडील स्वतः मुंबईला निघाले आहेत. ‘येतो’ असेल तर घरातला दुसरा कुणीतरी येणार आहे. मुंबईच्या चाळीतल्या त्या मुलाला हे एका टिंबावरून कळत होते. आपण ते टिंब पुसले तर आपल्याला कधीच कळणार नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. सगळेच लिहिणारे सारखे नेमके नव्हते. मोडीची सवय असलेले, शाळा अर्धवट सोडलेले, घाईत लिहिणारे लोक अनुस्वार देतही आणि गाळतही. म्हणून टिंब आहे याला जेवढे वजन द्यावे, तेवढे टिंब नाही याला देता येत नाही. त्या माणसाची आठ-दहा कार्डे पाहून तो अनुस्वार नियमाने देतो की नाही, हे टिपेत लिहून ठेवले तर पुढच्या वाचकाला वजन ठरवता येते.

मग टिंब खरे कोणते आणि माशीने केलेला डाग कोणता? फोटोत दोन्ही काळेच दिसतात. फोटो मोठा करून टिंबाचा रंग शेजारच्या अक्षराच्या शाईशी ताडून पाहावा. डाग बहुधा तपकिरी असतो आणि त्याची कड गोल, गुळगुळीत असते. दौत-टाकाचे टिंब एका बाजूला किंचित ओढलेले असते. कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटोही पाहावा. मागे नेमक्या त्याच जागी, आरशात दिसावे तसे, काही लिहिलेले असेल तर ती पलीकडून उतरलेली शाई असू शकते. एवढे करूनही ठरले नाही तर अनुस्वार द्यावा आणि टिपेत ‘डागही असू शकेल’ असे लिहावे.

यात एक शत्रू आपल्या हातातच आहे. फोनवरचा कीबोर्ड ‘नाहीं’ला मुकाट्याने ‘नाही’ करतो आणि ‘आशिर्वाद’ सुधारून देतो. तो काय करतो हे दिसतही नाही, कारण नजर त्या वेळी फोटोवर असते. म्हणून आमच्या कागदावर ठळक अक्षरांत आहे: आपोआप दुरुस्ती आधी बंद करा, आणि बोलून टंकू नका. बोलून टंकले की टिंब उच्चारातच नसल्यामुळे ते उमटण्याची शक्यताच उरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. उद्या कुणी संगणकावर ‘नाही’ शोधले तर ‘नाहीं’ सापडेल का, आणि ‘मनिऑर्डर’ शोधले तर ‘म. ऑ.’ सापडेल का? कदाचित नाही. त्यासाठी नक्कल बदलायची गरज नाही. टिपेच्या खाली शोधशब्दांची एक ओळ असते. तिथे आजच्या लेखनात लिहायचे: मनिऑर्डर, शिमगा, रॉकेल, घासलेट. नक्कल जशीच्या तशी राहते आणि शोधणाऱ्याचेही काम होते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सर्वांत गमतीदार आणि सर्वांत महाग चुका तिथे होतात. ‘रु. ७॥’ यातल्या उभ्या दोन रेघा म्हणजे अर्धा. सात रुपये आठ आणे. ‘४।’ यातली एक रेघ म्हणजे पाव, चार रुपये चार आणे. तीन रेघा म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै, आणि एकेका आण्यासाठी त्यापुढे आडव्या रेघा. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि हळूहळू ही खूण लिहिणारे हात थांबले. आज ज्याने ती कधी पाहिलेली नाही, तो ‘७॥’चे ‘७११’ वाचतो, किंवा ‘४।’मधली रेघ हा पूर्णविराम समजून नुसते ‘४’ टंकतो. पहिल्या चुकीने गिरणीतला मुलगा गडगंज होतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. चार आणे गुपचूप नाहीसे होतात आणि वाक्य तरीही बरोबर वाटते.

ही चूक पकडायची कशी, ते या कार्डातच आहे. साडेसात आले, त्यांतले सव्वाचार वाण्याला दिले, बाकी सव्वातीन. साडेसातातून सव्वाचार गेले की सव्वातीनच उरतात. हिशेब जुळला, म्हणजे तिन्ही रेघा आपण बरोबर वाचल्या. ‘४’ आणि ‘३’ असे वाचले असते तर बेरीज सात झाली असती आणि आठ आण्यांचा फरक समोर आला असता. जिथे जमाखर्च दिसेल तिथे हिशेब करून पाहावा, हा आमच्या कागदावरचा एक छोटा नियम आहे. पण हिशेब जुळत नाही म्हणून आकडा बदलायचा नाही. लिहिणाऱ्याचीच बेरीज चुकलेली असू शकते. नकलेत त्याचा आकडा, टिपेत आपली शंका.

आता तेच चिन्ह दुसऱ्या ओळीत पाहा. ‘माघ व॥ ३’. इथे त्या दोन रेघा म्हणजे अर्धा नव्हे. शब्द संक्षेपाने लिहिला आहे, त्याची ती खूण आहे. ‘व॥’ म्हणजे वद्य. एकाच कार्डावर, एकाच लेखणीने, एकच आकार दोन कामे करतो. म्हणून नकलेत दोन्हीकडे तोच आकार ठेवायचा आणि अर्थ टिपेत द्यायचा. अपूर्णांकांच्या या खुणांना संगणकाच्या युनिकोडमध्ये वेगळी स्थाने आहेत, पण पुष्कळ फोनांवर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. म्हणून आम्ही दंडच वापरतो, आकड्याला चिकटवून, मध्ये जागा न सोडता, आणि टिपेत ‘सात रुपये आठ आणे’ असे अक्षरी लिहितो.

संक्षेपांचेही असेच. ‘चि.’, ‘म. ऑ.’, ‘ता. क.’, ‘सा. न. वि. वि.’, ‘गं. भा.’ हे सारे नकलेत जसे आहेत तसे. ‘सा. न. वि. वि.’चे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे उलगडलेले रूप टिपेत. उलगडताना चूक होऊ शकते. मूळ संक्षेप जागेवर असेल तर ती सुधारता येते.

तारखेचा हिशेब टिपेतच करावा. शके १८६४. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना पाठ असते, आणि इथेच वर्ष चुकते. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, इसवी सन १ जानेवारीला. म्हणजे १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या पत्रांना ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात. माघ महिना त्याच टप्प्यात येतो, तेव्हा हे कार्ड १९४२चे नसून फेब्रुवारी १९४३चे आहे. पडताळा हवा असेल तर पत्त्याच्या बाजूचा पोस्टाचा शिक्का पाहावा. इंग्रजी शिक्क्यातले ‘४३’ एवढे दोन आकडे लागले तरी पुरे. शिक्के दोन असतील तर एक टाकलेल्या गावचा आणि दुसरा पोचलेल्या गावचा असतो. दोन्ही नोंदवावेत. शिक्का आणि मजकुरातली तारीख जुळत नसतील तर दोन्ही तशाच ठेवाव्यात.

पत्त्यातले जिल्हे सुधारायची इच्छाही आवरावी. कुडाळ, मालवण, सावंतवाडी आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत, पण तो जिल्हा १९८१ साली झाला. कार्डावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर ते लिहिणाऱ्याचे अज्ञान नव्हे. ‘जि. कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, हेही टिपेतच.

आता त्या भोकाकडे. पत्रे तारेला टोचून ठेवायची पद्धत होती, त्यामुळे कार्डाच्या मध्यभागी भोक असते आणि ते नेमकी दोन-तीन अक्षरे खाते. इथे लिहायचे: [भोक, सुमारे ३ अक्षरे]. अक्षरांचा अंदाज वरच्या-खालच्या ओळीवरून काढावा. त्याच हाताने तेवढ्याच रुंदीत तिथे किती अक्षरे लिहिली आहेत ते मोजायचे. जागा कशाने गेली हेही लिहायचे, कारण भोकातले अक्षर कायमचे गेलेले असते, पण डागाखालचे अक्षर वेगळ्या उजेडात काढलेल्या फोटोत वाचता येऊ शकते, आणि घडीत दबलेले तर घडी उलगडून पुन्हा फोटो काढला की मिळते. नुसते ‘वाचता येत नाही’ लिहिले तर कोणता फोटो पुन्हा मागवायचा ते कळत नाही.

त्या भोकापुढेच ‘आतां वरी आहे, काळजी नसावी’ असे दिसते. पण ते ‘आतां बरी आहे’ असेल तर? ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या रेघेचा. आणि वाक्याचा कर्ता नेमका भोकात गेला आहे. ‘बरी आहे’ असेल तर घरातली कुणी बाई आजारी होती आणि आता सावरली आहे. ‘वरी आहे’ असेल तर घरात वरीचे धान्य आहे, उपास पडणार नाही. दोन्हींनंतर ‘काळजी नसावी’ शोभते. १९४३ हे युद्धाचे, टंचाईचे साल, घासलेट मिळत नसल्याची तक्रार त्याच कार्डावर, म्हणून मन ‘वरी’कडे ओढते. घराण्याची माहिती असलेला कुणी म्हणेल, त्या वर्षी आजी आजारी होत्या, ‘बरी’च असणार. दोघांचेही म्हणणे मोलाचे आहे आणि दोघांचीही जागा टिपेत आहे.

नकलेत काय जावे हे ठरवायला कार्डावरचीच अक्षरे लागतात. तिसऱ्या ओळीत ‘बाळ’ आहे, पाचवीत ‘वाण्यास’. या दोन शब्दांबद्दल शंका नाही. त्या दोन्हींतले ‘ब’ आणि ‘व’ मोठे करून शेजारी ठेवायचे आणि शंकास्पद अक्षर त्यांच्याशी ताडायचे. हा माणूस ‘ब’च्या पोटातली रेघ ठसठशीत काढतो की नुसती टेकवतो? ठसठशीत काढत असेल आणि इथे ती दिसत नसेल, तर ‘व’. नुसती टेकवत असेल तर ठरवता येत नाही, तेव्हा मूळ फोटो मागवायचा. बऱ्याचदा आपल्यापुढचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला असतो. त्या प्रवासात त्याचा आकार घटतो आणि बारीक रेघा आधी जातात. कॅमेऱ्यातला अस्सल फोटो मिळाला तर पुष्कळ शंका तिथल्या तिथे मिटतात. तरीही नाहीच मिटली तर [वरी?] असे लिहून, टिपेत ‘बरी असेही वाचता येते’ एवढे नोंदवून पुढे जावे.

प्रश्नचिन्ह लावायला नवे लोक कचरतात. आपल्याला वाचता आले नाही असे दिसेल, असे त्यांना वाटते. अशा वेळी मी त्यांना पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे पान दाखवतो. वि. सी. सुखटणकरांसारखे संपादक, शेकडो हस्तलिखिते समोर, आणि तरी जिथे पाठ पुरेसा निश्चित नाही तिथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेष मारली आहे. छापील, अधिकृत ग्रंथात उघडपणे सांगितले आहे की इथे आमची खात्री कमी आहे. त्या रेषेमुळेच जिथे रेष नाही तिथल्या पाठावर विश्वास ठेवता येतो. आमचे प्रश्नचिन्ह तेच काम करते. ज्या नकलेत एकही प्रश्नचिन्ह नसते, ती आम्ही जास्त बारकाईने तपासतो.

अक्षर ओळखायची एक युक्तीही त्या कागदावर आहे. नवा हात समोर आला की आधी मायना वाचायचा. ‘तीर्थरूप’, ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘अनेक आशीर्वाद’ हे शब्द काय असणार ते आधीच माहीत असते. तेवढ्यावरून त्या माणसाचे त, थ, र, प, स, न, म, व, श, ष कसे दिसतात याचा तक्ता तयार होतो आणि मग आतला अनोळखी मजकूर लागायला लागतो. विशेषतः ‘ख’. जुन्या वळणात तो ‘र’ आणि ‘व’ शेजारी लिहिल्यासारखा दिसतो, त्यामुळे ‘रवाना केले’चे ‘खाना केले’ होते. तक्ता जवळ असला की हे टळते. मात्र मायना टंकताना तो पुन्हा अक्षर अक्षर वाचायला हवा. ठरीव मजकूर म्हणून डोळे झाकून लिहिला, तर ‘शिरसाष्टांग’चा ‘साष्टांग’ होतो, आणि एरवी दरवेळी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिणाऱ्या बापाने एका कार्डात नुसते ‘आशीर्वाद’ लिहिले आहेत, हे हातातून निसटते.

मोडीतली पत्रे वेगळी ठेवायची. बाळबोध कार्डावर सही किंवा एखादी ओळ मोडीत असेल तर [मोडी, एक ओळ] असे लिहून ते मोडी वाचणाऱ्याकडे द्यायचे, अंदाज करायचा नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा केलेला नसतो, तेव्हा मोडीवरून उतरवलेल्या मजकुरातल्या वेलांट्या वाचणाऱ्याने दिलेल्या आहेत, हे तिथे लिहिणे भाग असते. नाहीतर पुढे कुणीतरी त्यांवरून लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन जोखायला बसेल.

नक्कल झाली की दुसऱ्याकडे जाते. छापखान्यात मुद्रिते तपासायची जुनी रीत आम्ही घेतली आहे. एकाने फोटोवरून मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचे. वाचणारा तो नसावा ज्याने नक्कल केली, कारण तो आपलीच चूक पुन्हा वाचतो. टिंबे, रेघा, विरामचिन्हे मोठ्याने उच्चारायची: ‘घरीं, टिंब’, ‘सात, दोन रेघा’. कानाला विचित्र वाटते, पण उच्चारात नसलेली चिन्हे तपासायचा दुसरा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. दोघांचे एकमत झाले नाही तर बहुमताने ठरवायचे नाही, दोन्ही पाठ ठेवायचे. प्रत्येक फाइलच्या नावात गठ्ठा, पत्र आणि बाजू असते, उदाहरणार्थ `G07-P112-B.jpg`, आणि नकलेचे नावही तेच. फोटो फिरवायचा, उजळायचा असेल तर प्रत काढून तिच्यावर करायचा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

राहिला प्रश्न काय दाखवायचे याचा. पत्रांत आजार असतात, कर्जे असतात, भाऊबंदकी असते, एखाद्या मुलीच्या सोयरिकीबद्दल लिहिलेले असते, आणि ती मुलगी आज नव्वदीची आजी म्हणून त्याच वाडीत राहत असते. अशी ओळ नक्कल करणाऱ्याने गाळायची नाही. गाळलेली ओळ पुन्हा कुणी शोधणार नाही, आणि काय गाळावे हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. नक्कल पूर्ण करायची आणि टिपेत ‘घरच्यांना विचारा’ अशी खूण करायची. ज्या घराने पत्रे दिली त्या घराशी आम्ही बोलतो. त्यात एक कायदेशीर गोष्टही आहे, जी पुष्कळांना माहीत नसते. कार्डाचा कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. मुलाच्या ट्रंकेतली वडिलांची पत्रे प्रसिद्ध करायची तर वडिलांच्या सगळ्या वारसांची संमती लागू शकते. त्यामुळे नक्कल होणे आणि ती लोकांना वाचायला खुली होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आम्ही ठेवल्या आहेत.

त्या कागदाच्या तळाशी एक तारीख आहे. नियम बदलतात. पूर्वी आम्ही ओळी तुटक ठेवत नव्हतो, आता ठेवतो. भोक की डाग हे लिहिणे नंतर सुरू झाले. म्हणून प्रत्येक नकलेच्या शेवटी ती कोणत्या तारखेच्या नियमांनी केली, हे लिहायचे असते. म्हणजे सलग ओळीतली जुनी नक्कल हातात आली की ती आधीच्या नियमाची आहे हे वाचणाऱ्याला कळते, आणि अशा नकला सवड मिळेल तशा पुन्हा फोटोशी लावून पाहायचे काम सध्या चालू आहे.